कंटेनरमधल्या क्रेटची खरी किंमत

घडी घालता येणारा प्लास्टिकचा एक क्रेट. चीनमधल्या निंगबो बंदरातून आयात केलेला, पुरवठादाराच्या बिलावर किंमत अडीच डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरला तर हा क्रेट पडतो २२५ रुपयांना. तोच पुण्याच्या बाजारात ३१० रुपयांना विकला, तर नगामागे किती सुटले? खरेदीचे बिल हातात असलेला म्हणेल, ८५ रुपये नफा. कॉम्प्युटरवर साठ्याचे मूल्य पाहणारा म्हणेल, २८ रुपये नफा. आणि कंटेनरचा सगळा खर्च वस्तूवार मांडून बसलेला सांगेल, २० रुपये तोटा.

यातला दुसरा आकडा जास्त फसवा आहे. पहिला माणूस भाडे आणि ड्युटी विसरला आहे, हे कोणाच्याही लगेच लक्षात येते. दुसऱ्याने मात्र काहीच विसरलेले नाही. त्याने जहाजाचे भाडे, विमा, सीमाशुल्क, बंदरावरचा खर्च असे सगळे धरले आहे आणि एकूण बेरीजही बरोबर आहे. चूक आहे ती त्या बेरजेच्या वाटणीत.

माल परदेशातून निघाल्यापासून आपल्या गोदामात विक्रीयोग्य होऊन पडेपर्यंत त्यावर होणारा एकूण खर्च म्हणजे लँडेड कॉस्ट. खरेदी, साठा आणि हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या ईआरपी प्रणालींमध्ये हा खर्च वस्तूंच्या किमतीत मिसळण्याची सोय असते. पण कोणता खर्च कोणत्या वस्तूवर किती टाकायचा, हे माणसाने सांगावे लागते.

एक कंटेनर, दोन वस्तू

उदाहरणासाठी भोसरीतला एक आयातदार डोळ्यांसमोर आणू. त्याने वीस फुटी कंटेनरमध्ये दोन वस्तू मागवल्या आहेत. एक, डिजिटल मल्टिमीटर: ५०० नग, प्रत्येकी २० डॉलर, म्हणजे ९ लाख रुपये. दोन, वर आलेले क्रेट: २,००० नग, प्रत्येकी अडीच डॉलर, म्हणजे साडेचार लाख. पैशाच्या हिशेबात मीटर क्रेटच्या दुप्पट. जागेच्या हिशेबात चित्र उलटे: मीटरच्या खोक्यांनी २ घनमीटर जागा घेतली आणि क्रेटनी १८.

सौदा एफओबी, म्हणजे निंगबोला माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च पुरवठादाराचा आणि पुढचा सगळा आयातदाराचा. सौदा सीआयएफ असता तर भाडे आणि विमा पुरवठादाराच्या बिलातच आले असते. पहिली गफलत इथेच होते: सीआयएफ बिलावर कोणीतरी भाडे पुन्हा चढवतो आणि तोच खर्च साठ्यात दोनदा बसतो. म्हणून खरेदी ऑर्डर करतानाच सौद्याची अट ईआरपीमध्ये नोंदवलेली असावी लागते.

जहाजाचे भाडे झाले ९०,००० रुपये. विमा ५,४००. न्हावा शेव्याला कंटेनर उतरवणे, हाताळणे आणि ट्रकने भोसरीला आणणे, मिळून ५०,०००. क्लिअरिंग एजंटचे ९,०००. या बिलांवरचा जीएसटी इथे धरलेला नाही, कारण त्याचे क्रेडिट मिळते. उरले सीमाशुल्क, आणि ते जरा सावकाश पाहायला हवे.

भारतात सीमाशुल्क आकारताना मालाच्या किमतीत भाडे आणि विमा मिळवून करयोग्य मूल्य काढतात. बिल ऑफ एंट्रीमध्ये एकत्रित भाडे आणि विमा वस्तूंच्या किमतीच्या प्रमाणात विभागले जातात. मीटरची किंमत दुप्पट असल्याने भाड्याचे ६०,००० मीटरकडे आणि ३०,००० क्रेटकडे गेले. विमा तसाच ३,६०० आणि १,८००. करयोग्य मूल्य झाले मीटरचे ९,६३,६०० आणि क्रेटचे ४,८१,८०० रुपये. मूळ सीमाशुल्काचा दर मीटरसाठी १० टक्के आणि क्रेटसाठी १५ टक्के धरू. मूळ शुल्काच्या १० टक्के इतका सामाजिक कल्याण अधिभार त्यावर असतो. तो २०१८च्या अर्थसंकल्पात शिक्षण उपकराच्या जागी आला. म्हणजे एकूण बोजा मीटरवर ११ टक्के, क्रेटवर साडेसोळा टक्के. रुपयांत सांगायचे तर मीटरवर १,०५,९९६ आणि क्रेटवर ७९,४९७.

यानंतर १८ टक्के दराने सुमारे २ लाख ९४ हजार रुपये आयजीएसटी लागतो. माल सोडवायला हे पैसे रोख मोजावे लागतात, त्यामुळे तो खर्चच वाटतो. पण नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला त्याचे इनपुट टॅक्स क्रेडिट मिळते, म्हणजे ते पैसे परत वसूल होण्याजोगे असतात. लेखा मानक २ आणि इंड एएस २ दोन्ही सांगतात की आयात शुल्क साठ्याच्या किमतीत धरा, वसूल होणारे कर धरू नका. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला असे क्रेडिट नसते, त्यामुळे त्याच्यासाठी हाच आयजीएसटी मालाच्या किमतीचा भाग ठरतो. कराचे नाव तेच असले तरी कोणाच्या वहीत आहे त्यावर त्याची जागा बदलते.

प्रत्येक खर्चाला त्याचे कारण असते

आता माल, भाडे, विमा, शुल्क, बंदर, एजंट मिळून खर्च झाला १६,८९,८९३ रुपये. त्यातले साडेतेरा लाख मालाचे आणि ३,३९,८९३ वरच्या खर्चाचे. हा वरचा खर्च दोन वस्तूंत कसा वाटायचा?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सगळा एका ढिगात घालून किमतीच्या प्रमाणात वाटणे. दोन तृतीयांश मीटरवर, एक तृतीयांश क्रेटवर. मग मीटर पडतो २,२५३ रुपयांना आणि क्रेट २८१ रुपये ६५ पैशांना. लेखाच्या सुरुवातीचा २८ रुपये नफा इथून आला. दुसरा सोपा मार्ग म्हणजे नगांच्या संख्येवर वाटणे. २,५०० नग, प्रत्येकी जवळजवळ १३६ रुपये. मग मीटर होतो १,९३६ चा आणि क्रेट ३६१ चा. दोन्ही वेळा गणित चोख आहे, आणि दोन्ही वेळा उत्तर चुकीचे.

कारण हे खर्च एका कारणाने झालेलेच नाहीत. आयातदाराने अख्खा कंटेनर भाड्याने घेतला तो जागा हवी म्हणून, आणि त्यातली नव्वद टक्के जागा क्रेटनी व्यापली. त्यामुळे ९०,००० पैकी ८१,००० क्रेटचे, ९,००० मीटरचे. बंदर आणि ट्रकचा खर्चही त्याच जागेपायी झाला: ४५,००० आणि ५,०००. माल लोखंडी सुटे भाग किंवा फरशा असता, तर जागेच्या आधी वजनाची मर्यादा गाठली असती आणि तिथे वाटणीचा आधार वजन धरावा लागला असता. विमा मालाच्या किमतीवर उतरवतात, म्हणून तो किमतीच्या प्रमाणात जातो. एजंटच्या मेहनतीला कोणतेच अचूक माप नाही. रक्कम लहान आहे, तीही किमतीच्या प्रमाणात घातली तरी चालते. आणि सीमाशुल्क तर वाटायचेच नसते. ते बिल ऑफ एंट्रीवर प्रत्येक वस्तूपुढे वेगळे लिहिलेले असते; ते तिथून उचलून त्या त्या वस्तूवर तसेच्या तसे ठेवायचे असते.

असे मांडले की मीटरची किंमत येते २,०५९ रुपये १९ पैसे आणि क्रेटची ३३० रुपये १५ पैसे. बेरीज पुन्हा तीच, १६,८९,८९३. पण आता व्यापाऱ्याचे निर्णय बदलतात. ढिगाच्या पद्धतीने तो ३१० रुपयांना क्रेट विकत राहिला असता, नगामागे २० रुपये गमावत. मीटरवर मात्र तो २,२५३ ची खोटी किंमत धरून १५ टक्के चढवून २,५९१ रुपये मागत बसला असता आणि २,४०० ला विकणाऱ्या शेजाऱ्याकडे गिऱ्हाईक गेले असते. खऱ्या किमतीवर तेवढेच १५ टक्के चढवले, तर भाव २,३६८ निघतो. म्हणजे नफा देणारी वस्तू महाग ठरून पडून राहते आणि तोट्याची वस्तू स्वस्त ठरून धडाधड विकली जाते.

इथे एक बारकावा आहे. सीमाशुल्क खात्याने शुल्क काढताना क्रेटवर ३०,००० भाडे धरले, आणि आपण साठ्यात ८१,००० धरले. यात विसंगती नाही. पहिला आकडा कर मोजण्याच्या रीतीचा आहे, दुसरा खर्चाच्या कारणाचा. हा फरक कधीकधी फार मोठा होतो. सीमाशुल्क मूल्यांकनाच्या २००७च्या नियमांप्रमाणे, भाड्याचा आकडा उपलब्ध नसेल तर एफओबी किमतीच्या २० टक्के भाडे आणि १.१२५ टक्के विमा गृहीत धरतात. आपल्या उदाहरणात तसे झाले असते तर कागदावरचे भाडे २,७०,००० झाले असते, प्रत्यक्षात दिलेल्याच्या तिप्पट. त्यावर आकारलेले जादा शुल्क खरेच भरावे लागते, म्हणून ते साठ्यात जाते. पण ते २,७०,००० कोणालाच दिलेले नसल्याने साठ्यात जात नाहीत. तिथे बिलाचे ९०,०००च बसतात. विनिमय दराचेही असेच. शुल्कासाठी सरकारने जाहीर केलेला दर लागतो, मालाची नोंद व्यवहाराच्या दिवसाच्या दराने होते, आणि पुढे पुरवठादाराला पैसे देताना डॉलर वरखाली झाला तर तो फरक विनिमय नफा-तोट्यात जातो. त्यासाठी गोदामातल्या मालाची किंमत पुन्हा हलवत नाहीत.

पडद्यावर हे कसे उतरते

मुंबईत घडलेल्या आणि मुक्तस्रोत असलेल्या ईआरपीनेक्स्टमध्ये या कामासाठी `Landed Cost Voucher` नावाचा दस्तऐवज आहे. माल गोदामात आल्याची खरेदी पावती त्यात जोडायची, खालच्या तक्त्यात खर्चाच्या रकमा आणि त्यांची खाती लिहायची आणि `Distribute Charges Based On` या चौकटीत वाटणीचा आधार निवडायचा. पर्याय असतात `Qty`, `Amount` आणि `Distribute Manually`. घनफळ किंवा वजन हा पर्याय या यादीत नाही. शिवाय एका व्हाउचरमधल्या सगळ्या खर्चांना एकच आधार लागू होतो. घाईतला माणूस भाडे, विमा, शुल्क एकाच व्हाउचरमध्ये ओततो आणि `Amount` निवडतो. ढिगाची पद्धत अशी जन्माला येते. उपाय सरळ आहे. विमा आणि एजंट यांचे एक व्हाउचर `Amount`वर, आणि भाडे, बंदर, शुल्क यांचे दुसरे व्हाउचर हाताने आकडे भरून. एकाच खरेदी पावतीवर अशी अनेक व्हाउचर चालतात आणि त्यांचा परिणाम एकत्र जमा होतो.

बेल्जियमच्या ओडूमध्ये खर्चाच्या प्रत्येक ओळीला वेगळा आधार देता येतो: समान, संख्या, चालू किंमत, वजन किंवा घनफळ. तिथे अडचण दुसरीकडे येते. वस्तूच्या नोंदीत घनफळ भरलेलेच नसेल तर घनफळावरची वाटणी निरर्थक ठरते. त्यामुळे पुरवठादाराच्या पॅकिंग लिस्टवरून वजन-मापे नीट भरून घेणे हे आयात विभागाचे पहिले काम ठरते. टॅलीत खरेदीवरचा जादा खर्च संख्येवर किंवा मूल्यावर वाटण्याची सोय आहे. जागा खाणाऱ्या मालाचा हिशेब तिथे आधी कागदावर करून घ्यावा लागतो.

सगळाच खर्च साठ्यात जात नाही, हेही या टप्प्यावर आठवावे लागते. बिल ऑफ एंट्री वेळेत दाखल झाली नाही तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये विलंब आकार लागू शकतो. कागद अडकल्याने कंटेनर बंदरात पडून राहिला तर डेमरेज आणि डिटेन्शन वेगळे. यातून मालाची किंमत वाढलेली नसते, फक्त पैसा वाया गेलेला असतो. असा असाधारण खर्च त्या त्या काळाच्या नफा-तोट्यात दाखवतात. तो साठ्यात लपवला तर पुढचे सहा महिने विकला जाणारा प्रत्येक क्रेट त्या चुकीचा थोडा थोडा भार वाहतो, आणि चूक कोणाच्या नजरेस येत नाही.

बिल उशिरा येते तेव्हा

शुल्क माल सुटण्याआधी भरलेले असते. भाड्याची आणि वाहतुकीची बिले मात्र माल गोदामात आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी येतात, आणि विक्री काही तोवर थांबत नाही.

बंदर आणि ट्रकचे ५०,००० चे बिल आले तेव्हा २,००० पैकी १,२०० क्रेट विकले गेले होते असे समजू. या बिलात क्रेटचा वाटा ४५,०००, म्हणजे नगामागे साडेबावीस रुपये. विकलेल्या १,२०० क्रेटचे २७,००० रुपये विक्रीच्या खर्चात जायला हवेत आणि उरलेल्या ८०० क्रेटवर १८,००० चढायला हवेत. सगळे ४५,००० त्या ८०० वर टाकले तर नगामागे सव्वाछप्पन्न रुपये चढतात. मध्ये ३१ मार्च आला, तर साठा २७,००० नी फुगलेला आणि नफाही तेवढाच फुगलेला दिसतो.

वेगवेगळ्या प्रणाली हे वेगळ्या रीतीने सोडवतात. ईआरपीनेक्स्ट माल आल्याच्या तारखेपर्यंत मागे जाऊन त्यानंतरच्या सगळ्या साठा-नोंदींचे मूल्य पुन्हा मोजते, त्यामुळे विकलेल्या मालाची किंमतही दुरुस्त होते. ओडू उरलेल्या मालाचा वाटा साठ्यावर आणि विकलेल्याचा वाटा खर्चात टाकते. सॅपमध्ये सरासरी किमतीने ठेवलेल्या मालाचा पुरेसा साठा उरलेला नसेल तर उरलेली रक्कम किंमत-फरकाच्या खात्यात जाते. मागे जाऊन मोजण्याच्या पद्धतीला एक मर्यादा आहे: हिशेबाचा तो महिना बंद केला असेल तर प्रणाली आत शिरू देत नाही. म्हणूनच मोठे आयातदार खरेदी ऑर्डरवरच भाड्याचा अंदाज लावून ठेवतात, माल येताच तो साठ्यावर चढतो आणि बिल आल्यावर फक्त फरक मिटवायचा राहतो.

अंदाज आणि प्रत्यक्ष यांची गाठ एका मधल्या खात्यात पडते. वाहतूकदाराचे बिल त्या खात्याला नावे पडते, आणि व्हाउचरने साठ्यावर चढवलेली रक्कम तिथेच जमा होते. प्रत्येक कंटेनरपुरते हे खाते शून्य व्हायला हवे. नावे बाकी राहिली तर बिल अंदाजापेक्षा मोठे आले आहे किंवा व्हाउचर करायचेच राहिले आहे. जमा बाकी राहिली तर बिल अजून आलेले नाही, किंवा कोणीतरी ते थेट वाहतूक खर्चात टाकून मोकळा झाला आहे. या दुसऱ्या प्रकारात तोच खर्च एकदा साठ्यात आणि एकदा नफा-तोट्यात, असा दोनदा लागलेला असतो.

खाते शून्य झाले तरी वाटणी बरोबर झाल्याची खात्री पटत नाही, कारण ढिगाच्या पद्धतीतही ते शून्यच होते. त्यासाठी दुसरी तपासणी लागते: लँडेड कॉस्टला खरेदी किमतीने भागायचे. आपल्या क्रेटचे गुणोत्तर आहे ३३०.१५ भागिले २२५, म्हणजे १.४७; मीटरचे १.१४. पुढच्या कंटेनरला क्रेटचे गुणोत्तर १.२५ दिसले, तर सगळा खर्च किमतीवर वाटला गेला असण्याची शक्यता मोठी. १.६० दिसले तर नगांवर. १.६९ च्या आसपास दिसले तर आयजीएसटी साठ्यात शिरला आहे का ते आधी पाहावे. वस्तूवार गुणोत्तरांचा असा एक छोटा अहवाल दर कंटेनरनंतर काढला, तर चूक विक्री सुरू होण्याआधीच पकडता येते.

भाडे बदलले की हे गुणोत्तर आपोआप हलते. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा कंटेनरचे दर किती झपाट्याने चढू शकतात हे आयातदारांनी अनुभवले. आपल्या उदाहरणात भाडे ९०,००० चे १,८०,००० झाले आणि बाकी सगळे तसेच राहिले असे धरा. भाडे करयोग्य मूल्यात असल्याने शुल्कही थोडे वाढते. मीटर २,०५९ वरून २,०९० वर जातो, दीड टक्का वाढ. क्रेट ३३० वरून ३७३ वर जातो, म्हणजे १३ टक्के. ही दोन टक्केवाऱ्या समोर असलेला आयातदार पुढच्या ऑर्डरमध्ये क्रेट कमी करतो, त्यांचा भाव वाढवतो किंवा कंटेनरमधली ती जागा दुसऱ्या कोणत्या मालासाठी वापरायची याची चौकशी सुरू करतो.